वाय-फायचं चिन्ह दिसतंय, तरी फोटो जागचे हलेनात

फेब्रुवारीत आमच्या गावच्या जमिनीची मोजणी झाली. भूकरमापक आले, हद्दीच्या खुणा पक्क्या झाल्या आणि बाबांनी हौसेने एकेका खुणेचा फोटो काढून ठेवला. पुढे चुलतभावाला ते फोटो हवे होते. बाबांचं गूगल खातं माझ्या नाशिकच्या लॅपटॉपवर उघडलेलं असतंच, म्हटलं इथूनच काढून पाठवते. photos.google.com उघडलं तर सगळ्यात वरचा फोटो नोव्हेंबरातला निघाला, आमच्या बाल्कनीतल्या शेवंतीचा. त्याच्या पुढे काहीच नाही. मोजणी नाही, शिमगा नाही, पालखी नाही.

फोन करून विचारलं तर बाबा म्हणाले, "माझ्याकडे आहेत की सगळे. कालच तुझ्या आईला दाखवले."

होतेच. पण फक्त फोनमध्ये. म्हणजे फोन विहिरीत पडला असता तर मोजणीही गेली असती आणि शिमगाही.

बॅकअप बंद पडला की बहुतेक जण आधी सेटिंग उलटसुलट करायला घेतात. मला त्याआधी शेवटच्या फोटोची तारीख बघावीशी वाटते. ती तारीख बरंच सांगून जाते. बॅकअप एखाद्या ठरावीक दिवशी थांबला असेल, तर त्या दिवशी काहीतरी बदललेलं असतं: नवा फोन आला, पासवर्ड बदलला, जागा भरली किंवा माणूस घर सोडून दुसरीकडे गेला. आई-बाबा दिवाळीला आमच्याकडे आले होते आणि शेवंतीच्या त्या फोटोनंतर दुसऱ्याच दिवशी कोकणात परतले. म्हणजे फोन तोच, खातं तेच. बदललं होतं ते नेट. नाशिकला आमच्याकडे फायबरचं कनेक्शन आहे, गावी नाही. तर्क इथपर्यंत आला, पण पुढचं फोनवरून सांगून जमणारं नव्हतं. मे महिन्यात गावी गेल्यावर बघू असं ठरलं. तोवर मोजणीचे तेवढे फोटो बाबांनी व्हॉट्सॲपवर पाठवले.

आमचं घर देवरूखपासून आत, उताराला आहे. बाबांच्या सिमला घरात रेंज नाही. बोलायचं असेल तर ते वर सड्यावर जातात. आईचं सिम दुसऱ्या कंपनीचं आहे, त्याला पडवीच्या एका कोपऱ्यात बरी रेंज मिळते. म्हणून आईचा फोन दिवसभर त्या कोपऱ्यातल्या फळीवर असतो, त्याचा हॉटस्पॉट चालू असतो, आणि बाबांचा फोन त्याला जोडलेला. या व्यवस्थेवर बाबा बातम्या वाचतात, भजनं ऐकतात, नातवाशी व्हिडिओ कॉल करतात. त्यांच्या दृष्टीने घरात वाय-फाय आहे, कारण फोनच्या वरच्या पट्टीत तो पंख्यासारखा चिन्हाचा आकार दिसतो.

मी बाबांच्या फोनवर गूगल फोटोज उघडून उजवीकडे वरच्या गोल चित्रावर बोट ठेवलं. हे गोल चित्र म्हणजे बॅकअपची नाडी बघण्याची जागा. कुठल्या खात्यात फोटो जातायत तेही तिथेच दिसतं आणि बॅकअपचं काय चाललंय तेही. खातं बरोबर होतं. हे बघून घ्यावंच, कारण पुष्कळांच्या फोनमध्ये दोन खाती असतात, फोटो एकात जात असतात आणि माणूस शोधत बसतो दुसऱ्यात. बॅकअपही चालू होता. खाली मात्र एकच ओळ होती: Waiting for Wi-Fi.

"हे काय म्हणतंय?" बाबांनी विचारलं.

"वाय-फायची वाट बघतंय."

"अगं पण वाय-फाय तर आहे!"

इथेच खरी मेख होती.

फोनच्या लेखी वाय-फाय दोन प्रकारचं असतं. एक घरच्या राऊटरचं, महिन्याचं ठरलेलं बिल भरून कितीही वापरा असं. दुसरं मोजून मिळणारं, म्हणजे मागे कुठेतरी सिमचा डेटा पॅक उडतोय असं. पहिल्याला अँड्रॉइड unmetered म्हणतं, दुसऱ्याला metered. पट्टीतलं चिन्ह दोन्हींसाठी सारखंच. पण फोटोंचा बॅकअप, ॲप आपोआप अपडेट होणं, असली जड कामं पहिल्या प्रकारच्या नेटसाठी राखून ठेवलेली असतात.

आईचा फोन मोजून मिळणारं नेट वाटतोय हे बाबांच्या फोनला कळतं कसं? आईचा फोनच ते सांगतो. हॉटस्पॉटला नवा फोन जोडला जातो तेव्हा हॉटस्पॉटवाला फोन त्याला नेटवर्कमधला एक पत्ता देतो, आणि त्या पत्त्यासोबत ANDROID_METERED अशी खूणही पाठवतो. जोडलेला फोन ती वाचतो आणि समजून असतो की हा पॅक कुणाच्या तरी पैशाचा आहे, जपून वापरायचा. वागणं अगदी शहाण्या पाहुण्यासारखं. अडचण एवढीच की बाबांच्या फोनला घरात दुसरं नेट मिळतच नाही, त्यामुळे पाहुणा सहा महिने उपाशी.

याच्या उलटही होतं. सिम घालून चालणारा छोटा राऊटर मिळतो, त्याच्याकडून बहुतेक वेळा अशी खूण येत नाही. मग फोन त्याला घरचं बिनमोजणीचं नेट समजतो आणि सकाळी उठून बघावं तर दिवसाचा पॅक संपलेला असतो. तिथे आपण होऊन फोनला सांगावं लागतं की हे नेट मोजून वापर.

ते सांगण्याची जागा एकच. फोनच्या Settings मध्ये वाय-फायच्या यादीत आपल्या नेटवर्कच्या नावाशेजारी गिअरचं चिन्ह असतं. त्याच्या आत Network usage, आणि त्यात तीन पर्याय: Detect automatically, Treat as metered, Treat as unmetered. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हेच Metered network अशा नावाने सापडतं. बाबांच्या फोनमध्ये पहिला पर्याय होता. तो बदलून तिसरा केला, परत गूगल फोटोजमध्ये आले, तर Waiting for Wi-Fi ची ओळ गेली होती आणि त्या जागी किती फोटो उरलेत त्याचा आकडा होता. दोन हजारांच्या आसपास. पहिला फोटो वर चढताना बघून बाबांनी आईला हाक मारली.

मी मात्र ते लगेच थांबवलं. कारण हा पर्याय नुसता फोटोंचा दरवाजा उघडत नाही, सगळ्याच ॲपना मोकळं रान देतो. प्ले स्टोअरला वाटणार फुकटचं नेट मिळालं, मग सगळी साठलेली अपडेट निघणार. आईच्या पॅकमध्ये दिवसाला २ जीबी मिळतात, आणि तिचं सगळं जग त्या २ जीबीत आहे. आधी हिशेब मांडायला हवा होता.

बाबांच्या फोनमधला फोटो साधारण ३.२ एमबीचा निघतो. एखाद्या फोटोवर बोट वर सरकवलं की तपशिलात आकार दिसतो, तसे काही बघून मी हा अंदाज बांधला. राहिलेल्यांत फोटो १,९०० च्या घरात, म्हणजे सहा जीबीच्या थोडं वर. व्हिडिओ शंभरेक, पण त्यांचेच पाच जीबी. एकूण अकरा. आईचा पॅक दुसऱ्या कशालाही न वापरता नुसता यावर उडवला तरी साडेपाच दिवस लागणार. आणि रोजचे २ जीबी संपले की नेट बंद पडत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. त्या वेगाने सेकंदाला आठ किलोबाइट जातात, म्हणजे ३.२ एमबीच्या एका फोटोला जवळजवळ सात मिनिटं. बघणाऱ्याला वाटतं बॅकअप अडकला. अडकलेला नसतो, रांगत असतो.

मोबाइल डेटावरून बॅकअप घेण्याची सोयही गूगल फोटोजमध्ये आहे. बॅकअपच्या सेटिंगमध्ये Mobile data usage म्हणून पान असतं, तिथे दिवसाची मर्यादा ठरवता येते: काहीच नाही, ५ एमबी, १० एमबी, ३० एमबी किंवा अमर्याद. बाबांनी तिथे ३० निवडलं होतं. कधी, ते त्यांना आठवत नाही, पण आकडा बघून मला त्यांचा स्वभाव दिसला, काटकसरीने का होईना सुरुवात करायची. आता ३० एमबीत ३.२ एमबीचे फोटो नऊ जातात. आधीच साठलेले १,९०० त्या गतीने चढायला दोनशेहून जास्त दिवस लागले असते. त्यात बाबा रोज दहा-बारा फोटो नवे काढतात: फणस, साप, शेजारच्यांचं वासरू. म्हणजे जेवढे वर जाणार त्यापेक्षा जास्त साठणार. रांग कधीच संपणार नाही. आणि तीस एमबीची ही सोय चालायला तरी त्यांच्या स्वतःच्या सिमला रेंज हवी, ती फक्त सड्यावर. तिथे ते बोलायला जातात आणि बोलून झालं की परत येतात. शेवंतीनंतर एकही फोटो का गेला नाही याचं उत्तर इथे पुरं झालं.

त्यातच बाबांचा फोन कायम बॅटरी सेव्हरवर. आमच्याकडे वाऱ्याची झुळूक आली तरी लाइट जाते, त्यामुळे बॅटरी राखून ठेवायची सवय सगळ्यांनाच लागली आहे. बॅटरी सेव्हर चालू असला की मागे चालणाऱ्या कामांना फोन आवर घालतो. ॲप मिटलं की बॅकअपही झोपतो. मी तो बंद केला आणि गूगल फोटोजच्या App info मध्ये Battery खाली Unrestricted निवडलं. निदान चार्जिंगला लावलेला असताना तरी काम चालू राहावं.

नेटचा प्रश्न असा समजला, पण सुटायच्या आधीच दुसरा समोर आला. अकरा जीबी पाठवायचे ठीक, ते ठेवणार कुठे?

गूगल खात्यात फुकटची जागा १५ जीबी. ती फोटोंची एकट्याची नाही, जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून. एक जुना समज अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे, बाबांच्याही होता, की गूगलवर फोटो कितीही ठेवा, फुकट. ते खरं होतं, पण १ जून २०२१ पर्यंत, आणि तेही थोडी दाबलेली प्रत ठेवायला तुमची हरकत नसेल तर. त्या तारखेच्या आधी तशा पद्धतीने चढवलेले फोटो अजूनही मोजले जात नाहीत. त्यानंतरचा प्रत्येक फोटो मोजला जातो.

one.google.com/storage वर बाबांच्या खात्याचा हिशेब उघडला. फोटो ७.२ जीबी, जीमेल ०.८, ड्राइव्हमधल्या फाइली ०.३. इथपर्यंत अपेक्षित होतं. उरलेले ४.९ जीबी होते व्हॉट्सॲपच्या बॅकअपचे. एकूण १३.२, म्हणजे शिल्लक १.८ जीबी. नेट कितीही सुरळीत केलं असतं तरी फोटोंचा बॅकअप पहिल्या रात्रीतच पुन्हा थांबला असता, आणि या वेळी कारण वेगळं, जागा भरली. खातं काठोकाठ भरलं की नुसते फोटोच थांबत नाहीत, जीमेलवर मेल येणंही थांबतं. बाबांच्या पेन्शनचे, बँकेचे मेल त्याच खात्यावर येतात, त्यामुळे हे होऊ देऊन चालणार नव्हतं.

अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी गूगलच्या जागेत धरला जात नसे. २०२४ च्या सुरुवातीपासून तो धरला जाऊ लागला. ज्यांनी व्हॉट्सॲपमध्ये व्हिडिओसकट बॅकअप ठेवलाय त्यांच्या १५ जीबीला तिथून कात्री लागते, आणि हे फोटोंच्या ॲपमध्ये डोकावून लक्षात येत नाही. बाबांच्या चार-पाच जीबीत काय होतं? गावच्या ग्रुपवरचे कीर्तनाचे तुकडे, कुणीतरी कुठेतरी पूल वाहून जाताना काढलेले व्हिडिओ, आरोग्याचे सल्ले. व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Chats, त्यात Chat backup, आणि तिथे Include videos चं बटण. ते बंद केलं. नुसतं बंद करून जागा मोकळी होत नाही. पुढचा बॅकअप होतो तेव्हा जुन्याच्या जागी नवा बसतो आणि मग आकडा उतरतो. त्यामुळे Back up दाबून तो लगेच करून घेतला. नवा बॅकअप १.४ जीबीचा झाला. साडेतीन जीबी मोकळे, शिल्लक ५.३.

फोटोंच्या दर्ज्याचा निर्णय मग सोपा झाला. Backup quality मध्ये दोन मुख्य पर्याय आहेत. Original quality म्हणजे जसाच्या तसा. Storage saver म्हणजे फोटो १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर तेवढा लहान करून, आणि व्हिडिओ १०८०पी पेक्षा वरचा असेल तर १०८०पी वर आणून. बाबांचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचे फोटो काढतो, म्हणजे त्यांचे फोटो आकाराने लहान होत नाहीत, फक्त दाबले जातात. मी एकच फोटो आधी आणि नंतर मोठा करून बाबांना दाखवला. हद्दीच्या दगडावरचा रंगाने काढलेला बाण दोन्हींत सारखाच वाचता येत होता. ३.२ एमबीचा तो फोटो पावणेदोन एमबीवर आला होता. तेवढ्या हिशेबाने १,९०० फोटोंना सव्वातीन-साडेतीन जीबी लागणार. बसतात. लग्नाच्या फोटोग्राफरने मोठ्या कॅमेऱ्यावर काढलेले फोटो असते तर मी हा पर्याय घेतला नसता. फणसाला चालतो.

व्हिडिओ मात्र बसत नव्हते. पाच जीबी व्हिडिओ, आणि उरणार दोनच्या आत. गूगल फोटोजमध्ये Manage storage च्या पानावर मोठ्या व्हिडिओंची यादी आकारानुसार लावलेली मिळते, ती उघडून आम्ही दोघं पडवीत बसलो. तेव्हा कळलं की आधीपासून वर असलेल्या ७.२ जीबीतही बराच भाग व्हिडिओंचाच आहे. एक तर खिशात चालू राहिलेला, सव्वाअकरा मिनिटांचा, नुसता अंधार आणि बाबांच्या चपलांचा आवाज. तो पुसला. अजून दोन-तीन तसले पुसले आणि Trash ही रिकामी केली, कारण बॅकअप झालेली गोष्ट पुसली तरी ती ६० दिवस कचऱ्यात असते आणि तोवर जागाही अडवून असते. पण शिमग्यातल्या पालखीच्या नाचाचे व्हिडिओ बाबा पुसणार नव्हते आणि मीही तसं सुचवणार नव्हते.

मग पैसे मोजून जागा घेण्याचा विचार आला. माझ्याकडे १०० जीबीचा प्लॅन आधीपासून आहे आणि त्यातले सत्तरएक जीबी पडून आहेत. हा प्लॅन आणखी पाच जणांत वाटता येतो, त्यासाठी त्यांना आपल्या फॅमिली ग्रुपमध्ये घ्यावं लागतं. प्रत्येकाचे आपापले १५ जीबी आधी वापरले जातात, त्यापुढचं सामाईक जागेतून जातं. मी बाबांना आमंत्रण पाठवलं आणि त्यांनी ते लगेच स्वीकारलं नाही.

"म्हणजे माझे मेल तुला दिसणार?"

"नाही बाबा. जागा सामाईक, आतलं सामान आपापलं. मला फक्त एवढंच दिसेल की तुम्ही किती जीबी वापरलेत."

"आणि फोटो?"

"तेही नाही. तुम्ही मुद्दाम शेअर केलेत तरच."

मग स्वीकारलं. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी एवढं बघून घ्यावं की फॅमिली ग्रुपमधली सगळी खाती एकाच देशातली असावी लागतात. माझ्या मैत्रिणीने सिंगापूरहून हेच करायला घेतलं होतं, तिला जमलं नाही. शेवटी तिच्या आईच्या खात्यावर इथे वेगळा छोटा प्लॅन घेतला.

आता नेट. आईच्या पॅकची फार ओढाताण न करता फोटो चढवायचे होते, तर आम्ही रात्रीचा डाव साधला. पॅक मध्यरात्री नवा होतो. आई साडेनऊला झोपते, तेव्हा तिचे दिवसाचे बरेचसे जीबी शिल्लक असतात. दहा वाजता दोन्ही फोन चार्जिंगला, बाबांच्या फोनचं नेटवर्क Treat as unmetered, गूगल फोटोज उघडं. प्ले स्टोअरमध्ये आधीच आपोआप अपडेट बंद करून ठेवले होते. बारापर्यंत उरलेला पॅक, बारानंतर नव्यातला थोडा. आईला सकाळी लागेल म्हणून मी झोपण्याआधी सेटिंग पुन्हा Detect automatically वर आणून ठेवत असे. पडवीतल्या त्या कोपऱ्यात फोटो वर जाण्याचा वेग अडीच एमबीपीएसच्या आसपास मिळतो. ऐकायला बरा वाटतो, पण हे बिट झाले, बाइटसाठी आठाने भागायचं. तासाला एक जीबीच्या थोडं वर. सहा जीबीचे फोटो काही रात्रींत हळूहळू वर गेले. मध्ये एकदा लाइट गेली, तेव्हा काम जिथे होतं तिथे थांबलं आणि नंतर तिथूनच पुढे सुरू झालं.

व्हिडिओंसाठी मी हा खटाटोप केला नाही. देवरूखला चुलतभावाकडे फायबर आहे. बाजाराच्या दिवशी बाबांचा फोन त्याच्याकडे जोडून दिला आणि आम्ही बाजारात गेलो. दादाच्या राऊटरला कसलीच सेटिंग बदलावी लागली नाही, जोडल्या जोडल्या काम सुरू झालं. भाजी, मासे, चहा आणि बाबांच्या ओळखीपाळखी उरकून परत आलो तोवर पाच जीबी गेले होते, फोन मात्र चांगलाच तापला होता. गोल चित्राखाली Backup complete आलं.

त्या शब्दांवर मी पूर्ण विसंबत नाही. ते फक्त एवढंच सांगतात की जे फोल्डर निवडलेत त्यांचं काम झालं. न निवडलेल्या फोल्डरबद्दल ते काही बोलत नाहीत. बॅकअप आपोआप होतो तो कॅमेऱ्याच्या फोल्डरचा. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो, स्क्रीनशॉट वगैरे Back up device folders च्या पानावर एकेक करून चालू करावे लागतात. बाबांचं म्हणणं होतं, WhatsApp Images चालू कर, नातवाचे फोटो त्यात आहेत. मी उघडून बघितलं. नातवाचे फोटो होते, आणि त्यांच्या मागेपुढे सुप्रभात, शुभ संध्या, संकष्टीच्या शुभेच्छा आणि लिंबू-मधाचे फायदे, हजारोंनी. फोल्डर चालू करायचं तर हे सगळं वर जाणार आणि पुढेही जातच राहणार. ते मी बंदच ठेवलं. त्याऐवजी बाबांना एवढं दाखवलं की नातवाचा फोटो आला की तो गूगल फोटोजमध्ये उघडायचा आणि वरच्या ढगाच्या चिन्हावर बोट ठेवायचं, मग तेवढाच फोटो वर जातो. ते त्यांना आवडलं. निवडून ठेवण्याचं काम त्यांच्या स्वभावाला धरून आहे.

खात्रीसाठी मी माझ्या फोनवरच्या ब्राउझरमध्ये त्यांच्या खात्याने आत जाऊन तारखेवार बघितलं. मोजणीच्या दिवशीचे फोटो मोजले, बाबांच्या फोनमधले मोजले, आकडा जुळला. पालखीचा सगळ्यात मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघितला. आता व्हॉट्सॲपच्या फोटोंसाठी काय केलं नाही हेही आम्हाला दोघांना माहीत होतं.

तेवढ्यात बाबांनी ॲपमध्ये दिसणारा Free up space चा पर्याय दाखवून विचारलं, हे दाबू का? फोनमधली जागा मोकळी होईल म्हणतंय. तो पर्याय खोटं बोलत नाही. वर पोचलेल्या फोटोंची फोनमधली प्रत तो काढून टाकतो, वरची ठेवतो. ॲपमध्ये साधं पुसणं वेगळं, त्यात दोन्हीकडची प्रत जाते, आणि हा फरक मी बाबांना दोनदा समजावून सांगितला. पण त्यांच्या बाबतीत Free up space सुद्धा नको असं माझं मत पडलं. फोनमधली प्रत गेली की मूळ फोटो बघायला नेट लागतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडचा टॉवर दोन-दोन दिवस बंद असतो. तलाठ्याकडे उभं राहून हद्दीच्या खुणेचा फोटो दाखवायचा झाला तर तो फोनमध्येच हवा. १२८ जीबीच्या फोनमध्ये अजून पन्नासएक जीबी मोकळे आहेत. ते भरत आले की बघू.

मोबाइल डेटाची ती ३० एमबीची मर्यादा मी तशीच राहू दिली आणि व्हिडिओ मोबाइल डेटावरून पाठवण्याचं बटण तेवढं बंद केलं. सड्यावर बोलायला गेले की तेवढ्या वेळात नऊ फोटो गेले तर गेले. बाकीचे दर पंधरवड्याला देवरूखला, दादाच्या घरी चहा होईतो.